‘आम’ घ्यावा की ‘पास’? क्लासच्या बोर्डावरच्या एका हिंदी श्लेषाची पारख

लोटे-परशुराम एमआयडीसीच्या आसपास क्लास चालवायचा, तर जाहिरात दोन भाषांत करावी लागते. कारखान्यांत उत्तर प्रदेश-बिहारकडून आलेली कुटुंबं आता पोराबाळांसह स्थिरावली आहेत, आणि नाक्यावरून जाणारा प्रत्येकजण काही मराठी वाचणारा नसतो. आमच्या शेजारच्या वहिनी तिथे पाचवी ते दहावीचे गणित-विज्ञानाचे वर्ग घेतात. मी खेडला हिंदी शिकवतो, म्हणून मार्चमध्ये त्या माझ्याकडे आल्या. “भाऊजी, हिंदीत एक ओळ द्या. वाचून माणूस हसला पाहिजे आणि फोन केला पाहिजे.”

आम्ही तीन ओळी काढल्या. त्यातली एक लगेच बाद झाली. उरलेल्या दोघींत निवड करताना जे कळलं ते लिहितो, कारण तुम्हीही असाच क्लास चालवत असाल तर हेच दोन शब्द तुमच्याही डोक्यात येतील.

आधी बाद झालेली ओळ. “अब आपका नंबर आएगा।” हिंदीत नंबर म्हणजे गुण आणि नंबर म्हणजे पाळी, दोन्ही अर्थ चपखल. पण ओळ मोठ्याने म्हणून बघा. “तेरा भी नंबर आएगा” ही हिंदीत चक्क धमकी आहे. मटका खेळणाऱ्याला नंबर येणं म्हणजे काय, ते सांगायला नको. आणि आपल्या मराठी माणसाला मुलाचा नंबर म्हटलं की आधी चष्मा आठवतो. एका शब्दाच्या मागे तीन बिनबोलावलेले पाहुणे! सोडून दिली. (‘शिक्षा’ हा शब्द तर आम्ही सुरुवातीलाच बाहेर ठेवला. “यहाँ शिक्षा मिलती है” असा बोर्ड कोकणात लावून कोणी मूल आणून सोडेल का?)

आता खरे दोन उमेदवार.

पहिला ‘आम’. वहिनींची लाडकी ओळ होती, “आम नहीं, ख़ास बनाएँगे।” श्लेष म्हणून ही अस्सल आहे. हिंदीत आम म्हणजे आंबा हा शब्द संस्कृत ‘आम्र’वरून आला आणि आम म्हणजे सामान्य हा अरबीतून. दोन वेगळ्या मुळांचे शब्द योगायोगाने एकाच उच्चारावर येऊन थांबले. ‘आम’ आणि ‘ख़ास’ ही जोडीही हिंदी-उर्दूत मुरलेली आहे, दिवाण-ए-आम आणि दिवाण-ए-ख़ास इतकी जुनी. वर हापूसचा मुलूख, एप्रिलचा मोसम आणि नेमकं तेव्हाच नव्या बॅचचं प्रवेशाचं काम. कागदावर याहून सुंदर काही सुचणार नाही, असं मलाही वाटलं होतं.

दुसरा ‘पास’. हिंदीत पास म्हणजे जवळ आणि पास म्हणजे उत्तीर्ण. पहिली ओळ झाली, “घर के पास, हर बार पास।” हिच्यात आंब्यासारखा रंग नाही. पण बांधणीत एक मोठा फरक आहे. ‘आम’च्या ओळीत शब्द एकदाच येतो आणि दुसरा अर्थ वाचणाऱ्याने स्वतः शोधायचा असतो. तो श्लेष. ‘पास’च्या ओळीत शब्द दोनदा येतो आणि प्रत्येक वेळी शेजारचे शब्द त्याचा अर्थ सांगून टाकतात. हिंदी व्याकरणात याला यमक म्हणतात. (मराठीत यमक म्हटलं की आपल्याला ट ला ट जोडणं आठवतं, ते सोडा.) मोटारसायकलवरून जाणाऱ्या माणसाला बोर्डासाठी दोन-तीन सेकंद मिळतात. तेवढ्यात श्लेष सुटला नाही तर एकच अर्थ पोचतो, आणि तो कोणता पोचेल ते आपल्या हातात नसतं.

हे कळलं ते तपासणीत. आम्ही पाच माणसांना ओळी दाखवल्या, प्रत्येकाला वेगवेगळं गाठून: आझमगडकडचा एक ऑपरेटर, त्याची बायको, नाक्यावरचा मराठी किराणा दुकानदार, खेडमधल्या एक कोकणी मुस्लिम शिक्षिका आणि नववीतला एक वात्रट मुलगा. हेतू कोणालाच सांगितला नाही. “ही ओळ चांगली आहे का?” असं मुळीच विचारायचं नाही, कारण माणसं भिडेखातर हो म्हणतात. विचारायचं ते एवढंच: “इथे काय विकतायत?” आणि नंतर, “याची टिंगल करायची झाली तर काय म्हणाल?”

‘आम’ची ओळ आम्ही मोठ्या अक्षरांत दोन ओळींत लिहिली होती, जशी बोर्डावर येणार तशी. वर “आम नहीं,” आणि खाली “ख़ास बनाएँगे।” किराणावाल्याने वरची ओळ वाचली आणि म्हणाला, “आंबे संपले का?” हायवेला एप्रिलमध्ये ठिकठिकाणी आंब्याचे स्टॉल लागतात. तिथे “आम नहीं” हा बोर्ड म्हणजे माल संपल्याची पाटीच झाली. आम्ही उलटवून “आम आए, ख़ास बनकर जाए” असं करून पाहिलं, तर “आम आए” म्हणजे आंबे आले! शिक्षिकाबाईंना मात्र श्लेष क्षणात कळला आणि आवडलाही. ऑपरेटरलाही कळला, पण त्याची बायको जरा गप्प झाली. मग म्हणाली, “मतलब हमारा बच्चा अभी मामूली है?” हा खरा घाव. ओळ मुलाला आधी सामान्य ठरवते आणि मग सुधारायचं आश्वासन देते. आई ते पहिल्या अर्ध्यातच ऐकते.

नववीतल्या मुलाने तर कहर केला. आम्ही हौसेने एक पोटओळ जोडली होती, “कच्चे को पकाते हैं।” तो म्हणाला, “सर, ते तर तुम्ही आत्ताही करता.” मुंबईच्या हिंदीत पकाना म्हणजे डोकं खाणं, कंटाळा आणणं. क्लासच्या जाहिरातीत याहून वाईट शब्द मिळणार नाही. आणि कोकणी माणसाला ‘पकाना’ आंब्याशी जोडून दिसलं की कार्बाइड आठवतं. कॅल्शियम कार्बाइडने पिकवलेली फळं विकायला कायद्याने बंदी आहे, आणि अशा आंब्याचा रंग वरून सोन्यासारखा नि आत आंबट, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही माहीत असतं. क्लास मुलांना असंच पिकवतो असा अर्थ आपोआप चिकटतो. पोटओळ तिथेच फाडली.

म्हणजे ‘पास’ सरळ जिंकला? नाही. त्याचे दोष उशिरा दिसले, एवढंच.

ऑपरेटर म्हणाला, “पास तो सब हो जाते हैं, भैया।” आणि त्याचं खरं आहे. दहावीच्या निकालात कोकण विभाग दरवर्षी राज्यात वर असतो. 2025 मध्ये राज्याचा निकाल 94.10 टक्के होता आणि कोकणचा 98.82. जिथे शंभरातली अठ्ठ्याण्णव पोरं पास होतात, तिथे “हर बार पास” हे वचन पोकळ वाटतं. शिवाय ते वचनच आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या आहे आणि पुरावा नसलेली हमी त्यात सहज बसते. ‘हर बार’ काढायचं ठरलं.

मग मला एक चलाख कल्पना सुचली. शब्द एकदाच ठेवू, वचनही नको: “पास वाला क्लास।” जवळचा क्लास आणि पास होणाऱ्यांचा क्लास. मी खूष होतो. ऑपरेटरच्या बायकोने दोन चुका काढल्या. एक, हिंदीत क्लास स्त्रीलिंगी, “पास वाली क्लास” हवं. मराठीत आपण ‘तो क्लास’ म्हणतो आणि हिंदी लिहितानाही हात तसाच चालतो. हिंदी शिकवणाऱ्याने ही चूक करावी याची मला आजही लाज वाटते. दुसरी चूक जास्त महाग पडली असती. “पास वाली दुकान” म्हणजे शेजारचं दुकान. आमचा बोर्ड नाक्यावर ज्या खांबाला लागणार, त्याच्या शेजारी आणखी एका क्लासचा बोर्ड आहे. म्हणजे आम्ही पैसे देऊन शेजाऱ्याची जाहिरात करणार होतो.

यावरून ‘पास’चं एक बंधन कळलं. कशाच्या जवळ, ते ओळीतच सांगावं लागतं. “घर के” हे दोन शब्द सजावट नाहीत, अर्थ त्यांनीच धरून ठेवला आहे. आणि जवळपणा हीच वहिनींच्या क्लासची खरी विकण्याजोगी गोष्ट आहे. पावसाळ्यात संध्याकाळी सातला मुलाने हायवे ओलांडायचा नाही, कॉलनीतून चालत यायचं. आईवडिलांना याची किंमत गुणांपेक्षा कमी नसते. पास होण्याचा अर्थ मग जिथे खरी भीती आहे तिथे वळवला, गणिताकडे. शेवटची ओळ ठरली, “घर के पास, गणित में पास।”

दोन्ही ओळी समोरासमोर ठेवल्या तर माझं मत असं. फक्त हिंदी घरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर, आंब्याच्या मोसमात, एखाद्या हुशार मुलाच्या निकालासोबत टाकायची असेल तर ‘आम-ख़ास’ जास्त लक्षात राहील. तिथे वाचायला वेळ असतो आणि वाचणारा हिंदीत विचार करतो. पण तेव्हाही “आम से ख़ास” असं लिहा. ‘नहीं’ नको आणि ‘पकाना’ तर नकोच. जूनमध्ये पाऊस लागला की आंब्याबरोबर ती ओळही शिळी होते. नाक्यावरच्या बोर्डाला, रिक्षाच्या भोंग्याला आणि वर्षभराच्या पत्रकाला ‘पास’. भोंग्यावर शुद्धलेखन दिसत नाही, नुसता आवाज जातो, आणि “घर के पास” कानाला अडत नाही. मराठी घरांसाठी खाली साधं वाक्य, “कॉलनीतच गणित-विज्ञानाचे वर्ग.” ‘जवळ’ आणि ‘उत्तीर्ण’ मराठीत एका शब्दात बसत नाहीत, त्यामुळे श्लेषाचं भाषांतर करायला जाऊ नका. वहिनींनी केलं होतं, ते वाचून दुकानदार विचारत राहिला की नक्की म्हणायचंय काय.

छापण्याआधी एक राहिलं होतं. फ्लेक्सवाल्याने नमुना फोनवर पाठवला. मोठी लाल अक्षरं आणि शोभेला एक वळणदार पान, नेमकं पहिल्या ‘पास’च्या ‘प’ला उजवीकडून चिकटलेलं. लांबून तो ‘प’ राहिला नव्हता, ‘फ’ झाला होता. “घर के फास.” मराठीत फास आणि हिंदीत फाँस, दोन्हीकडे गळ्याभोवतीचाच. परीक्षेच्या दिवसांत, मुलांच्या क्लासवर. मी फोन हातभर लांब धरून वहिनींना वाचायला सांगितलं, त्यांनी वाचलं आणि त्यांचा चेहरा उतरला. फ्लेक्सवाला म्हणाला, “पान थोडं सरकवतो.” आम्ही म्हटलं, “दादा, पानच काढा.”