चलनांचे कप्पे असलेले कार्ड की नुसते डॉलरचे? दोन स्टेटमेंटांचा हिशेब

स्वित्झर्लंड आणि इटलीच्या प्रवासाला निघताना आम्ही दोघांनी सीताबर्डीवरून दोन वेगवेगळी फॉरेक्स कार्डे घेतली. माझ्या कार्डात फ्रँक आणि युरो यांचे स्वतंत्र कप्पे होते. पत्नीच्या कार्डात केवळ डॉलर होते, मात्र दुसऱ्या चलनात खर्च केल्यास वेगळा अधिभार लागणार नव्हता. दोन्ही स्टेटमेंटे शेजारी ठेवून केलेला हा हिशेब आहे. सोयीसाठी दर थोडे गोल केले आहेत.

भरण्याच्या ओळीत माझे कार्ड जरा महाग दिसत होते. बाजारात फ्रँक 97.50 रुपयांना असताना मला तो 100 रुपयांनी मिळाला, म्हणजे 600 फ्रँकचे 60,000 रुपये आणि वर 108 रुपये जीएसटी. पत्नीने 86.40 चा डॉलर 88 रुपयांनी घेतला. 1,000 डॉलरचे 88,000 रुपये आणि जीएसटी सुमारे 158 रुपये झाला. एक लाखापर्यंतच्या व्यवहारावर हा कर 0.18 टक्के पडतो, मात्र किमान 45 रुपये द्यावेच लागतात. ही किमान रक्कम लक्षात ठेवावी, कारण ती पुढे पुन्हा भेटते.

खर्चाच्या ओळींत मात्र माझे कार्ड सरस वाटले. 50 फ्रँकची खरेदी केली की 50 फ्रँकच वजा होत. दर शोधायचे कारण नव्हते. पत्नीच्या स्टेटमेंटमध्ये त्याच रकमेसमोर 56.58 डॉलर होते. त्या दिवशीच्या बाजारभावाने ते 56.43 व्हायला हवे होते, म्हणजे कार्ड नेटवर्कच्या दरातला फरक पाव टक्क्याच्या आसपास होता. माझ्या कार्डाची खरी अडचण युरो संपल्यावर दिसली. कमी पडलेली रक्कम कार्डाने फ्रँकच्या कप्प्यातून उचलली, आणि साडेतीन टक्क्यांचा अधिभार वेगळ्या ओळीत न दाखवता दरातच मिसळून टाकला. वजा झालेल्या फ्रँकना मिळालेल्या युरोंनी भागले तेव्हाच तो सापडला. (दुकानातल्या यंत्राने रुपयांत बिल घेण्याचा पर्याय दिल्यास तो दोन्ही कार्डांवर नाकारावा, नाहीतर युरोचे रुपये आणि रुपयांचे पुन्हा कार्डातले चलन, असे दोनदा रूपांतर होते.)

माझा निर्णय झाला तो परताव्याच्या ओळीवर. घरी आलो तेव्हा माझ्याकडे 180 फ्रँक उरले होते. न वापरलेले परकीय चलन परतल्यापासून 180 दिवसांत परत करण्याचा नियम असल्यामुळे मी धरमपेठेतल्या शाखेत अर्ज दिला. स्टेटमेंटमध्ये फक्त ‘180 फ्रँक अनलोड’ एवढेच आले, त्यासमोर दर नव्हता. चार दिवसांनी बचत खात्यात 17,055 रुपये जमा झाले. भागाकार केला तर दर 94.75 निघाला, आणि काउंटरवर विचारले तर उत्तर मिळाले, “काका, बोर्डावर 95 च लागला आहे.” त्यांचे म्हणणे खरे होते, उरलेले 45 रुपये म्हणजे परताव्यावरचा तोच किमान जीएसटी. शिवाय तो दर अर्जाच्या दिवसाचा नसून व्यवहार निकाली निघाला त्या दिवसाचा होता, हेही मला तेव्हाच कळले.

म्हणजे फ्रँकच्या कप्प्यातून खर्च झाले 420 फ्रँक आणि खिशातून गेले 60,108 वजा 17,055, म्हणजे 43,053 रुपये. एक फ्रँक 102.51 रुपयांना पडला, बाजारभावापेक्षा पाच टक्क्यांहून महाग. पत्नीचे 120 डॉलर उरले होते. ते 85.20 दराने परत गेले आणि 45 रुपये वजा होऊन 10,179 रुपये आले. तिच्या 880 डॉलरचा दर 88.61 पडला, नेटवर्कचा पाव टक्का धरूनही बाजारभावापेक्षा तीन टक्क्यांच्या आतच.

माझ्या कार्डावर अन्याय होऊ नये म्हणून एवढे सांगायला हवे, की ते 600 फ्रँक पूर्ण संपले असते तर दर 100.18 पडला असता आणि दोन्ही कार्डे जवळपास बरोबरीत आली असती. दोष मुख्यतः उरलेल्या रकमेचा आहे, पण जितके कप्पे तितक्या उरलेल्या रकमा, आणि प्रत्येक उरलेली रक्कम विक्रीच्या चढ्या दराने घेऊन खरेदीच्या उतरत्या दराने परत करावी लागते. एकाच चलनाच्या देशात दीर्घ काळ राहायचे असेल तर त्या चलनाचे कार्ड मी आजही सुचवेन, कारण भरताना लागलेला दर प्रवासभर कायम राहतो. दोन-तीन देश असतील तर मात्र माझा कल डॉलरच्या कार्डाकडे आहे.

परताव्याचा अर्ज देण्यापूर्वी हॉटेलने अनामत म्हणून अडवलेली रक्कम सुटली आहे का, हे पाहावे. ती अडकलेली असताना अनलोड केल्यास दुसऱ्यांदा अर्ज करावा लागतो आणि 45 रुपयेही पुन्हा जातात. शेवटच्या हॉटेलात पत्नीने बिलातले 63.40 युरो तिच्या कार्डावर घ्या आणि बाकी दुसऱ्यावर, असे सांगायचा प्रयत्न केला होता आणि त्या माणसाने ते निमूटपणे केलेही. तिच्याकडे 120 डॉलरच उरले ते त्यामुळेच. मला ते तेव्हा सुचले नाही.