टूर त्यांनीच कॅन्सल केली अन् फॉर्मवर सही मात्र आमची घेतली

लातूरकर मंडळी, चारधामचं बुकिंग केलं असेल तर हे वाचा. आई-बाबा अन् काका-काकूचं मे महिन्यातलं बुकिंग होतं, माणशी 28 हजार, त्यातले 15-15 हजार ॲडव्हान्स भरले म्हणजे चौघांचे 60 हजार. निघायला बारा दिवस राहिले अन् एजन्सीतून बाबांना फोन, काका ग्रुपच भरला नाही, टूर रद्द करायलोत, पैसे सगळे वापस भेटतील, फक्त एक फॉर्म पाठवते त्याच्यावर सही करून फोटो टाका.

बाबांनी सही केली. मी पुण्याहून आल्यावर तो फॉर्म वाचला तर वर लिहिलेलं 'प्रवाशाचा रद्दीकरण अर्ज' अन् कारणाच्या रकान्यात आधीच टाईप केलेलं, वैयक्तिक अडचण. सगळी गोम इथंच हाय बघा. टूर त्यांनी रद्द केली तर पूर्ण पैसे असं त्यांच्याच पावतीमागं छापलेलं होतं, पण प्रवाशानं केली तर पंधरा दिवसांच्या आत 50 टक्के कटिंग, अन् ते कटिंग ॲडव्हान्सवर नाही, टूरच्या पूर्ण रकमेवर. म्हणजे माणशी 14 हजार गेले, हातात राहिले हजार. 60 हजारातले 4 हजार, अन् तेही कॅश नाही, पुढच्या टूरचं व्हाउचर! ऑफिसात गेलो तर मॅनेजर म्हणतो सही तुमच्या वडिलांचीच आहे ना.

वाचलो ते काकूमुळं. तिला मेसेज डिलीट करायची सवयच नाही (एरवी आम्ही हसतो), अन् एजन्सीनं यात्रेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'प्रवासी कमी असल्याने टूर रद्द' असं टाकलेलं तिच्या मोबाईलमध्ये तारखेसकट होतं. त्याचा स्क्रीनशॉट अन् पावतीची मागची बाजू जोडून मेल केला, बाबांची सही दिशाभूल करून घेतली हे स्पष्ट लिहिलं, 1915 वर ग्राहक हेल्पलाईनला तक्रार नोंदवली अन् रजिस्टर पोस्टानं नोटीस पाठवली.

मग म्हणाले केस करायची तर पुण्यात करा, आमच्या अटीत लिहिलंय. ही निव्वळ भीती दाखवणं हाय. 2019 च्या ग्राहक कायद्यात तक्रारदार जिथं राहतो तिथल्या जिल्हा आयोगात केस टाकता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी पण नाही, मुदत दोन वर्षं. हे नोटिशीत लिहिलेलंच होतं, परत फोनवर सांगितलं तर आवाज जरा खाली आला.

चौथ्या महिन्यात 52 हजार खात्यावर आले. राहिलेले 8 हजार 'नोंदणी फी' म्हणून दाबून बसलेत, पावतीवर तसला शब्दच नाही. तर टूर रद्दचा फोन आला की आधी म्हणायचं, तुम्ही रद्द केली असं लेखी पाठवा, मग फॉर्मचं बघू. आमचे कागद आता आयोगात देण्यासाठी वकिलाकडं आहेत, बाबा म्हणायलेत आठ हजारासाठी कशाला, पण काकू ऐकत नाही.