फळ्याचे फोटो स्वच्छ करायला आठ महिने ImageMagick : माझा अनुभव

मी दहावीला विज्ञान शिकवते. आमच्या वर्गात सहा फूट बाय चार फुटांचा पांढरा फळा आहे. तासाला काढलेली आकृती उजळणीच्या वेळी प्रोजेक्टरवर जशीच्या तशी दाखवायची, म्हणून मी तास संपला की फळ्याचा फोटो काढते. मुलांनी ती आकृती डोळ्यांसमोर घडताना पाहिलेली असते, त्यामुळे पुस्तकातल्या चित्रापेक्षा तीच त्यांना लवकर आठवते. पण नुसता फोटो स्लाइडवर टाकला की फळा राखाडी दिसतो, खिडकीकडची बाजू उजळ आणि दाराकडची काळपट येते आणि शेवटच्या बाकावरून काही वाचता येत नाही.

आधी मोबाइलमधली स्कॅनची सोय वापरून पाहिली. कागदासाठी ती उत्तम आहे. फळ्यावर मात्र तिच्या काळ्या-पांढऱ्या फिल्टरने सावलीचा भागच काळा केला, आणि रंग गेल्यावर आपाती किरण कोणता व अपवर्तित कोणता हे सांगता येईना. जूनमध्ये भाच्याने ImageMagick हा मोफत प्रोग्रॅम लॅपटॉपवर घालून दिला आणि फळ्यासाठी अनेक जण वापरतात ती आज्ञा दिली. थोडे बदल करून मी ती आजही वापरते. विंडोजवर ही एक ओळ नोटपॅडमध्ये लिहून `phala.bat` नावाने फोटोंच्या फोल्डरमध्ये ठेवायची आणि तिच्यावर डबल क्लिक करायचं:

```
for %%f in (*.jpg) do magick "%%f" -auto-orient -resize 3000x3000 -morphology Convolve DoG:15,100,0 -negate -normalize -blur 0x1 -channel RGB -level 60%%,91%%,0.1 "%%~nf.png"
```

टक्क्याची चिन्हं दोन-दोन आहेत, तिकडे लक्ष द्या. bat फाइलमध्ये एकच चिन्ह लिहिलं तर दोन चिन्हांमधला मजकूर विंडोज गिळून टाकतं आणि चित्र भलतंच येतं. माझी एक अख्खी संध्याकाळ त्यात गेली. जुन्या माहितीत `magick`ऐवजी `convert` लिहिलेलं आढळतं. विंडोजमध्ये त्या नावाचा डिस्कसाठीचा वेगळाच प्रोग्रॅम आधीपासून असतो, त्यामुळे तिथे `magick`च लिहा.

ही आज्ञा काय करते हे कळल्यावर माझे निम्मे प्रश्न सुटले. सावली हळूहळू बदलते, शाईची रेघ मात्र अचानक सुरू होते आणि अचानक संपते. `DoG:15` फोटोतल्या प्रत्येक ठिपक्याच्या चारही बाजूंना पंधरा-पंधरा ठिपके, म्हणजे एकतीस बाय एकतीस ठिपक्यांचा चौकोन घेऊन त्याची सरासरी काढून तिच्यातून तो ठिपका वजा करतं. कोऱ्या जागी, मग ती उजळ असो की अंधारी, उत्तर जवळपास शून्य येतं. रेघेवर मोठा फरक येतो. `-negate` ते उलटं करतं, म्हणजे कोरी जागा पांढरी आणि रेघ गडद होते. लाल, हिरव्या आणि निळ्या घटकांवर हे वेगवेगळं होत असल्यामुळे मार्करचे रंगही टिकतात. शेवटची `-level` फिकं राहिलेलं पांढऱ्यात ढकलते आणि उरलेलं ठसठशीत करते.

आता त्रास कुठे झाला ते सांगते. ‘विद्युतधारेचे परिणाम’ शिकवताना मी कुंडल, गॅल्व्हानोमीटर आणि पट्टीचुंबक काढला होता. चुंबकाचा उत्तर ध्रुव लाल मार्करने भरला होता. स्वच्छ केलेल्या चित्रात कुंडलाचे वेढे सुरेख आले, पण चुंबकाचा लाल भाग आतून पांढरा, फक्त कडेला साधारण एक सेंटिमीटरची लाल पट्टी. कारण वरच्याच हिशोबात आहे. तीन हजार ठिपक्यांत सहा फुटांचा फळा, म्हणजे सेंटिमीटरला सुमारे सोळा ठिपके पडतात. अडीच मिलिमीटरची रेघ चारेक ठिपक्यांची होते, ती चौकोनात आरामात बसते. चार सेंटिमीटर उंचीच्या भरीव भागाच्या मध्यावर मात्र तो चौकोन सगळीकडे लालच पाहतो, फरक शून्य येतो आणि आज्ञेला ती कोरी जागा वाटते. फार जवळून काढलेल्या फोटोत जाड अक्षरंही अशीच मधून फिकी पडतात.

अशा फोटोसाठी मी GIMP हा चित्रं सुधारायचा प्रोग्रॅम वापरते. लेअरची प्रत करायची, वरच्या प्रतीला `Gaussian Blur` शंभराच्या पुढे द्यायचा, इतका की अक्षरं विरघळून फक्त उजेड-सावली उरावी, आणि त्या लेअरचा मोड `Divide` करायचा. खालचं चित्र वरच्या उजेडाने भागलं जातं आणि फळा पांढरा होतो. भरीव रंग थोडा फिका होतो, पण राहतो. रेघा मात्र पहिल्या पद्धतीइतक्या ठसठशीत येत नाहीत, आणि हाताने करायचं असल्याने वेळही जातो. म्हणून हल्ली मी उत्तर ध्रुव भरतच नाही, लाल तिरप्या रेघा मारते. त्या आज्ञेतून नीट निघतात.

मराठी अक्षरांची एक गोष्ट मला उशिरा कळली. काम लवकर व्हावं म्हणून मी सुरुवातीला `3000x3000`च्या जागी `1600x1600` ठेवलं होतं. अक्षरं छान दिसत होती, पण प्रोजेक्टरवर एका मुलीने ‘अपवर्तनाक’ वाचलं. अनुस्वार गेला होता! दोन-तीन ठिपक्यांचा टिंब आधी लहान झाला, मग `-blur`मध्ये फिका पडला आणि `-level`ने पुसला. तेव्हापासून मी प्रत्येक चित्रात आधी अनुस्वार तपासते. ते शाबूत असतील तर बाकी सगळं असतंच. हाच दोष फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा फोटो म्हणून पाठवल्यावरही येतो, कारण तिथे तो लहान होतो आणि दाबलाही जातो. शिवाय त्या दाबण्याचे चौकोनी डाग आज्ञा आणखी उठावदार करते, आणि अक्षरांभोवती धुळीसारखे ठिपके दिसतात. फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा केबलने घ्या.

काल नीट न पुसलेल्या अक्षरांची छटा दिसत असेल तर `91`चं `85` करून पाहा. छटा जाते, पण तिच्याबरोबर वाळत आलेल्या मार्करची खरी रेघही जाऊ शकते. त्यापेक्षा तासाआधी फळा ओल्या फडक्याने पुसलेला बरा. जवळजवळ कोरा भाग कापून दिला तर उलटा त्रास होतो. शाईच नसल्यामुळे `-normalize` कॅमेऱ्याची खरखरच ताणून गडद करतं.

ट्यूबलाइटचा चकाकता पट्टा मात्र कुठल्याच आज्ञेने जात नाही. तिथे फोटोत शाईच उमटलेली नसते, आणि पट्ट्याच्या कडेने एक खोटी रेघ मात्र उमटते. ती आकृतीतली रेघ समजून एकदा एका मुलाने तिला किरण म्हटलं होतं. आता मी फ्लॅश बंद ठेवते, फळ्यावरची ट्यूब विझवते आणि दोन पावलं बाजूला उभी राहून फोटो काढते. त्यामुळे फळा तिरका येतो, तो मोबाइलमध्येच पर्स्पेक्टिव्हने सरळ करून, चौकट कापून, मगच फोल्डरमध्ये टाकते.

रंगांपैकी काळा, निळा, लाल आणि हिरवा हे चारच भरवशाचे आहेत. नारिंगी रेघ लालच होऊन येते, त्यामुळे दोन वेगळे किरण लाल आणि नारिंगीने काढले तर स्लाइडवर ते एकच वाटतात. पिवळी रेघ पिवळीच राहते, पण पांढऱ्यावर ती कुणाला दिसत नाही. प्रकाशाचं अपस्करण शिकवताना सात रंग लागतातच, तेव्हा मी प्रत्येक किरणाच्या टोकाशी काळ्या मार्करने रंगाचं नाव लिहिते. परवाच्या उजळणीत पिवळा किरण दिसत नव्हता, तरी त्याच्या जागेवरचं ‘पिवळा’ मागच्या बाकावरून वाचता आलं.