फॅक्टशीटचा घडी घातलेला फोटो आणि दाजींचे तेरा हजार

आमचे दाजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. ग्रॅच्युइटीतले आठ लाख रुपये त्यांनी एका ओळखीच्या म्युच्युअल फंड वितरकाच्या सांगण्यावरून एका क्रेडिट रिस्क फंडात ठेवले. वितरकाने व्हॉट्सॲपवर फॅक्टशीटच्या, म्हणजे फंडाच्या दरमहाच्या माहितीच्या पानाचा एक फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "सर, एफडीत सात टक्के, इथे साडेआठच्या आसपास. जोखीम मध्यम, एक्झिट लोड निल. स्वतः वाचून बघा." दाजींनी खरंच वाचून बघितलं. फोटोत तो म्हणतो तसंच होतं. सात महिन्यांनी पैसे काढायची वेळ आली तेव्हा जवळजवळ तेरा हजार रुपये कापले गेले, मग प्रकरण माझ्याकडे आलं.

मी त्या फंडाच्या वेबसाइटवरून त्याच महिन्याचं पूर्ण फॅक्टशीट उतरवून घेतलं आणि फोटोशेजारी ठेवलं. पान उभं घडी घालून फोटो काढलेला होता. कडेला घडीची सावलीही दिसते. परताव्याच्या आकड्याभोवती पेनाने गोल केलेला. घडीच्या पलीकडे जे गेलं त्यातच सगळा खेळ होता. फोटोत एकही आकडा खोटा नाही, म्हणून हा प्रकार सविस्तर लिहितोय. असा फोटो उद्या तुमच्या आईवडिलांच्या फोनवरही येऊ शकतो.

आधी जोखमीचं. फॅक्टशीटवर गाडीच्या स्पीडोमीटरसारखं जे अर्धवर्तुळ असतं ते रिस्कोमीटर. सेबीच्या नियमाप्रमाणे 1 जानेवारी 2021 पासून त्यात सहा पायऱ्या आहेत: लो, लो टू मॉडरेट, मॉडरेट, मॉडरेटली हाय, हाय आणि व्हेरी हाय. फोटोतला काटा मॉडरेटवर होता. पण पूर्ण पानावर दोन रिस्कोमीटर होते, शेजारी शेजारी. एक योजनेचं आणि दुसरं बेंचमार्कचं, म्हणजे ज्या निर्देशांकाशी योजनेची तुलना करतात त्याचं. योजनेचा काटा हायवर होता आणि तो घडीत गेला. दाजींना दिसला तो निर्देशांकाचा काटा, ज्यात त्यांचा एक रुपयाही नव्हता.

फोटोतही खूण होती, माहीत असेल तर दिसणारी. काट्याखाली अर्धवट कापलेली "क्रिसिल" एवढी अक्षरं उरली होती. अर्धवर्तुळाखाली निर्देशांकाचं नाव असेल तर ते बेंचमार्कचं मीटर. योजनेच्या मीटरशेजारी "ही योजना कोणत्या गुंतवणूकदारांसाठी योग्य आहे" असा दोन-तीन ओळींचा मजकूर असतो. शिवाय हे मीटर दर महिन्याला नव्याने ठरतं, त्यामुळे पानावर कोणत्या तारखेची स्थिती छापली आहे तेही बघावं लागतं. जुन्या महिन्याचा फोटो पाठवला तर काटाही जुनाच.

कर्जरोख्यांच्या योजनांना आणखी एक चौकट असते, नऊ खणांची. तिला पोटेन्शियल रिस्क क्लास म्हणतात. उभ्या बाजूला व्याजदराची जोखीम, आडव्या बाजूला कर्ज बुडण्याची जोखीम. ए-एक हा सगळ्यात सौम्य खण आणि सी-तीन सगळ्यात तिखट. ही चौकट दर महिन्याला हलत नाही. योजना जास्तीत जास्त किती जोखीम घेऊ शकते याची ती मर्यादा आहे. माझ्या मते निवृत्त माणसाने काट्याच्याही आधी ही चौकट बघावी, कारण काटा आजचं सांगतो आणि चौकट उद्या काय होऊ शकतं ते. दाजींच्या योजनेचा खण होता सी-तीन.

आणि योजनेचं नावच क्रेडिट रिस्क फंड. या प्रकारात किमान 65 टक्के पैसे डबल ए किंवा त्याहून खालच्या दर्जाच्या कंपनी रोख्यांत ठेवावेच लागतात. म्हणजे जोखीम हा अपघात नाही, तोच योजनेचा धंदा आहे. इथे "हाय" म्हणजे शेअरसारखी रोजची वरखाली नव्हे. वर्षभर एनएव्ही, म्हणजे एका युनिटचा भाव, सरळ चढत राहते आणि एखादी कंपनी व्याज चुकवते तेव्हा एका दिवसात खाली येते. पैसे अडकूही शकतात. 23 एप्रिल 2020 ला फ्रँकलिन टेम्पलटनने कर्जरोख्यांच्या सहा योजना एकदम बंद केल्या, त्यात एक क्रेडिट रिस्क फंडही होता. लोकांना पैसे नंतर हप्त्याहप्त्याने मिळाले, पण ज्यांना त्याच महिन्यात दवाखान्याचं बिल भरायचं होतं त्यांनी काय केलं असेल?

आता पेनाने गोल केलेला आकडा. तो होता 8.40 टक्के आणि त्याच्या डावीकडे वायटीएम लिहिलेलं होतं. योजनेतले सगळे रोखे मुदतीपर्यंत ठेवले आणि एकानेही पैसे बुडवले नाहीत तर त्या रोख्यांवर मिळणारा हा दर. त्यातून योजनेचा खर्च अजून वजा व्हायचा असतो. तो खर्च म्हणजे एक्स्पेन्स रेशो. फोटोत त्याचा आकडा होता 0.80. पूर्ण पानावर दोन ओळी होत्या: रेग्युलर 1.55 आणि डायरेक्ट 0.80. रेग्युलरची ओळ घडीत. वितरकामार्फत घेतलेली योजना रेग्युलरच असते, थेट फंड कंपनीकडून घेतलेली डायरेक्ट, म्हणजे दाजींना लागू होणारा आकडा 1.55. मधल्या पाऊण टक्क्याच्या फरकातून मुख्यतः वितरकाचं कमिशन जातं. आठ लाखांवर हा फरक वर्षाला सहा हजार रुपये होतो. वितरकाने काम करून पैसे घ्यावेत, त्याला माझी हरकत नाही. पण आकारणी एकाची आणि फोटो दुसऱ्याचा, हे काय?

8.40 मधून 1.55 गेले की उरतात 6.85. एफडीला तेव्हा सात टक्के मिळत होते. म्हणजे सगळं सुरळीत झालं असतं तरीही परतावा एफडीच्या खालीच राहिला असता, वर सी-तीनची जोखीम.

हा खर्च कुठे दिसत नाही म्हणून लोकांना तो नाहीच असं वाटतं. पासबुकात त्याची नोंद येत नाही. वर्षाच्या दराचा 365वा भाग रोज योजनेच्या मालमत्तेतून वजा होतो आणि उरलेल्यावर एनएव्ही जाहीर होते. दाजींच्या आठ लाखांवर ते रोजचे साधारण 34 रुपये, रविवारी आणि दिवाळीतही. आपण रेग्युलरमध्ये आहोत की डायरेक्टमध्ये हे खातेउताऱ्यावर योजनेच्या नावापुढेच लिहिलेलं असतं.

जास्त लागलं ते एक्झिट लोडने, म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी पैसे काढले तर कापतात त्या रकमेने. फोटोत "एक्झिट लोड: 10 टक्के युनिटपर्यंत निल" अशी ओळ अर्धी दिसते आणि वितरकाने संदेशात त्यातलं फक्त "निल" उचललं. घडीत गेलेला भाग असा होता: त्यापेक्षा जास्त युनिट वाटपापासून 12 महिन्यांच्या आत काढल्यास 3 टक्के, 12 ते 24 महिन्यांत 2 टक्के, 24 ते 36 महिन्यांत 1 टक्का, त्यानंतर काही नाही. क्रेडिट रिस्क फंडांत असे टप्प्याटप्प्याने उतरणारे दर नवीन नाहीत. शेअर फंडांत बहुतेक ठिकाणी वर्षाच्या आत 1 टक्का एवढंच असतं, त्यामुळे ती सवय असलेला माणूसही इथे फसतो.

हिशोब मांडतो, आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केलेत. दाजींनी 20 रुपये एनएव्हीने 40,000 युनिट घेतली. सात महिन्यांनी ताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि पाच लाखांच्या वर रक्कम हवी म्हणून त्यांनी 25,000 युनिट काढली. एनएव्ही 20.60 झाली होती, म्हणजे रक्कम व्हायला हवी 5,15,000. यातली 10 टक्क्यांची सूट, म्हणजे 40,000 पैकी 4,000 युनिट, लोडशिवाय गेली. उरलेल्या 21,000 युनिटांची किंमत 4,32,600 आणि तिच्या 3 टक्के, 12,978 रुपये कापले. हातात आले 5,02,022.

बरेच जण समजतात की लोड नफ्यावर लागतो. तो विकलेल्या पूर्ण रकमेवर लागतो. त्यामुळे त्या 21,000 युनिटांचा भाव पडला 19.98, म्हणजे घेतल्या भावापेक्षाही कमी. पंचवीस हजार युनिटांवर सात महिन्यांत झालेला नफा होता 15,000 आणि राहिले 2,022. एफडी मुदतीआधी मोडून बँकेने दंड म्हणून एक टक्का कापला असता आणि पाच टक्क्यांनीच व्याज दिलं असतं तरी पाच लाखांवर साडेचौदा हजार मिळाले असते. दाजी म्हणाले, "अरे, पण त्याने निल लिहिलंय ना!" लिहिलंय, पण त्या शब्दाच्या आधी "10 टक्के युनिटपर्यंत" आहे.

हा लोड वितरकाच्या खिशात जात नाही, तो योजनेतच जमा होतो. म्हणून त्याला लोडची पर्वा नसते. त्याची कमाई पैसे योजनेत जितके दिवस राहतील तितक्या दिवसांची. दाजींना लवकर पैसे लागू शकतात हे त्याला माहीत होतं, ऑपरेशनची बोलणी त्याच्यासमोरच चालायची. लवकर लागणाऱ्या पैशांसाठी तीन वर्षांच्या लोडची योजना सुचवणं हीच माझ्या लेखी मुख्य फसवणूक. फोटो नंतरची गोष्ट.

फंड कंपनीला आम्ही फोटो, संदेश आणि पूर्ण फॅक्टशीट जोडून पत्र लिहिलं. कापलेला लोड परत मिळणार नाही असं उत्तर आलं. अर्जावर "योजनेची माहितीपत्रकं वाचली व समजली" या ओळीखाली दाजींची सही आहे आणि लोड माहितीपत्रकातल्या दरानेच कापलाय. वितरकाबद्दलची तक्रार वेगळी धरली; ती ॲम्फीकडे, म्हणजे वितरकांची नोंदणी करणाऱ्या म्युच्युअल फंडांच्या संघटनेकडे, केली आहे. तिथे वितरकाचा एआरएन, म्हणजे नोंदणी क्रमांक, लागतो, तो खातेउताऱ्यावर मिळतो. व्हॉट्सॲपवरचा मूळ संदेश मात्र दाजींनी पुसला नव्हता म्हणून बरं. तोंडी सांगितलेलं असतं तर दाखवायला काहीच नसतं.

शिल्लक 15,000 युनिटांचं काय करायचं हा प्रश्न आहेच. दहा टक्क्यांची सूट संपली, त्यामुळे आज काढली तर सगळ्यांवर 3 टक्के, म्हणजे 9,270 रुपये जातील. आणखी पाच महिने थांबलं तर 2 टक्के. थांबून तीन हजार वाचतात, पण तेवढे दिवस पैसे सी-तीनच्या योजनेत राहतात. त्याच योजनेच्या डायरेक्टमध्ये वळवायचं म्हटलं तरी ती विक्रीच धरतात, नफ्यावर कर लागतो. लोड लागेल की नाही ते प्रत्येक योजनेच्या माहितीपत्रकात वेगळं असतं. मी म्हटलं, काढून टाका. दाजी म्हणतात, पाच महिने थांबू.