लेकीच्या दाढेवर ड्रिल न करता बसवलेली स्टीलची कॅप: 8 महिन्यांचा अनुभव

आमची बाय आता पावणेसहाची आहे. गेल्या जुलैत तिच्या खालच्या डाव्या दुधाच्या दाढेवर स्टीलची कॅप बसवली, इंजेक्शन नाही, ड्रिल नाही, कीड कोरली पण नाही. नातेवाईकांत आणि बालवाडीच्या पालकांत आत्तापर्यंत दहा जणांनी तरी विचारलं, म्हणून एकदाचं सगळं लिहूनच टाकते.

आधी थोडी पार्श्वभूमी. याच दाढेत आधी दुसऱ्या एका ठिकाणी पांढरं सिमेंट भरलं होतं. ड्रिल सुरू झाल्यावर बायने असा आकांत केला की डॉक्टरांनी घाईघाईत जेवढं निघालं तेवढं काढलं आणि वरून भरून दिलं, चार महिन्यांत ते सिमेंट भाताच्या घासात बाहेर आलं. त्यानंतर बाय क्लिनिकच्या पायरीवरूनच परत फिरायची. मग फोंड्यात लहान मुलांचे दात बघणाऱ्या एक मॅडम आहेत असं कळलं, तिकडे गेलो.

मॅडमनी तोंडात बघितलं आणि लगेच काही केलंच नाही, आधी मलाच प्रश्न. रात्री दुखून उठते का? काही न खाता आपोआप दुखतं का? गोड किंवा थंड खाल्ल्यावर दुखलं तर लगेच थांबतं की बराच वेळ राहतं? हिरडीवर कधी पुळी आली होती का? मी म्हटलं चॉकलेट खाल्लं की गाल धरते, पाणी प्यायली की परत खेळायला पळते. मग छोटा एक्स-रे काढला, दातांमध्ये फिल्म चावून धरायला लावतात तो. स्क्रीनवर मला दाखवलं, कीड म्हणजे काळसर डाग, खाली दाढेची नस म्हणजे आणखी एक काळी जागा, आणि या दोघांच्या मध्ये पांढरट पट्टा. तो पट्टा स्पष्ट दिसतो म्हणून ही दाढ कॅपला चालेल, म्हणाल्या.

त्याच दिवशी वरची उजवी एक दाढ पण किडलेली निघाली. मला वाटलं हिलाही तीच कॅप लागेल, काम संपलं. पण तिच्या हिरडीवर ज्वारीच्या दाण्याएवढी पुळी होती, मी कधी बघितलीच नव्हती, दुखतही नव्हती. तिला कॅप अजिबात नाही म्हणाल्या, कारण नस मेलीय आणि पू मुळाशी पोचलाय, वरून झाकलं तर तो आतच कोंडणार. ती दाढ नंतर इंजेक्शन देऊन काढली आणि मागची दाढ पुढे सरकू नये म्हणून तिथे तारेचा लूप बसवला, तो वेगळा विषय. पण एकाच तोंडातल्या दोन किडलेल्या दाढा, एक चालली आणि एक नाही, हे बघितल्यामुळे मला हा प्रकार नीट कळला.

घरी सांगितल्यावर आजी भडकल्याच. "म्हणजे कीड आतच ठेवणार आणि वरून झाकण? घरात वाळवी लागली तर वरून रंग लावतात का गो?" खरं सांगायचं तर मलाही तेच वाटलं होतं. मी परत मॅडमना फोन करून विचारलं. त्यांनी सांगितलं ते माझ्या भाषेत असं: कीड म्हणजे अळी नाही, बॅक्टेरिया आहेत, त्यांना आपण खाल्लेलं गोड मिळतं आणि त्याचं ते ॲसिड करतात, त्या ॲसिडने दात विरघळतो. कॅप सगळ्या बाजूंनी सिमेंटने सील झाली की तोंडातली साखर त्यांच्यापर्यंत पोचत नाही. ते उपाशी पडतात, ॲसिड थांबतं, कीड जिथे आहे तिथेच अडकते. नस जिवंत असेल तर ती आतल्या बाजूने दाताचा नवा थर घालून स्वतःला लांब नेते. म्हणजे सगळा खेळ दोन गोष्टींवर आहे, नस ठणठणीत पाहिजे आणि सील गळता कामा नये. आजींच्या वाळवीला लाकूडच खायला असतं, इथे जेवण बाहेरून येतं आणि ते बंद केलं, हा फरक. आजींना हे पटलं की नाही माहीत नाही, पण गप्प बसल्या.

हा काही इथला जुगाड नाही. स्कॉटलंडमधल्या नॉर्ना हॉल नावाच्या डेंटिस्ट वर्षानुवर्षं आपल्या पेशंट मुलांना असंच करायच्या, त्यांचं रेकॉर्ड 2006 मध्ये छापून आलं, म्हणून याला हॉल टेक्निक म्हणतात. नंतर तिकडेच 132 मुलांवर ट्रायल झाली, प्रत्येक मुलाच्या एका दाढेला कॅप आणि दुसऱ्या दाढेला नेहमीचं फिलिंग. 5 वर्षांनी बघितलं तर नसेला इन्फेक्शन, पू असला मोठा बिघाड कॅपवाल्या दाढांत 3 टक्के आणि फिलिंगवाल्यांत 16.5 टक्के. फिलिंग पडणं, परत भरावं लागणं असल्या किरकोळ भानगडीत तर फरक आणखीनच मोठा. आमचं चार महिन्यांत पडलेलं सिमेंट आठवलं.

आता प्रत्यक्ष काय झालं ते. दोन फेऱ्या लागल्या. पहिल्या फेरीत फक्त रबराच्या दोन बारीक निळ्या रिंगा, कॅप घालायच्या दाढेच्या पुढच्या आणि मागच्या फटीत फ्लॉसने ओढून बसवल्या. दाढा एकमेकींना चिकटलेल्या असतात, दात घासून लहान करायचा नाही म्हटल्यावर कॅपच्या पत्र्याला जागा कुठून येणार, ती ह्या रिंगा तीन ते पाच दिवसांत करतात. पहिल्या रात्री बाय कुरकुरली, "दातात भाजी अडकलीय" म्हणत होती. मागची तिची शेवटचीच दाढ, तिच्या पलीकडे काही नाही, मग मागे रिंग कशाला असं मी विचारलं तेव्हा कळलं की मी चुकीची दाढ मोजत होते, कॅप शेवटून दुसरीला आहे. असो.

चौथ्या दिवशी गेलो. रिंगा काढल्या, बायला खुर्चीत सरळ बसवलं, आडवं नाही, आणि जिभेच्या बाजूला गॉझ ठेवलं, कारण ती चिमुकली निसरडी कॅप हातातून सुटली तर घशात जाऊ शकते. कॅपचे नंबर असतात, मॅडम एकेक लावून बघत होत्या. बरोबर ती असते जी दाढेच्या फुगीर भागावरून जाताना किंचित अडते आणि सोडली की मागे उसळते. पण मापाच्या वेळी पूर्ण खाली दाबत नाहीत, नाहीतर सिमेंटशिवायच बसते आणि काढताना पंचाईत. माप ठरल्यावर दाढ कोरडी केली, कॅपमध्ये सिमेंट काठोकाठ भरलं, दाढेवर ठेवून अंगठ्याने दाबलं आणि म्हणाल्या, "आतां घट्ट चाब पळोवया." बायने चावलं, टक्क असा आवाज मलाही आला, आणि चारी बाजूंनी सिमेंट बाहेर. ते पटापट पुसलं, तोंड धुतलं, परत कापूस चावून धरायला लावला. सिमेंट आंबट लागतं, त्यावर तिने जे तोंड केलं तेवढीच काय ती तक्रार. कडेची हिरडी पांढरीफटक झाली होती, मी घाबरले, पण ती दाबामुळे, थोड्या वेळात परत गुलाबी झाली.

आता जे मला आधी नीट कळलं नव्हतं ते. दात न घासता वर पत्रा चढवल्यामुळे ती दाढ उंच होते. घरी येऊन बायने तोंड मिटलं तर फक्त कॅपच टेकत होती, पुढच्या वरच्या आणि खालच्या दातांमध्ये चक्क फट. सकाळी पोदेराचा उंडो पाव आला, तिला पुढच्या दातांनी तुकडाच तोडता येईना, उंडो हातात धरून माझ्याकडे बघत बसली. मी लगेच मॅडमना फोन. त्यांनी आधी सांगितलं होतं म्हणे, असेल, मी त्या गडबडीत ऐकलं नाही. काही घासायचं नाही, दाढा आपापल्या जागा थोड्या बदलतात आणि काही आठवड्यांत चावा जुळतो. पहिले चार दिवस पेज आणि मऊ भात. दहाव्या दिवशी फट अर्ध्यावर, तीन आठवड्यांनी नव्हतीच. याच कारणासाठी खालची आणि तिच्यावर बरोबर टेकणारी वरची अशा दोन्ही दाढांना एकदम कॅप घालत नाहीत.

चवथीला नेवऱ्या वगैरे सगळं खाल्लं, कॅपला काही झालं नाही. जत्रेतलं खाजें मात्र मी आठवडाभर पुरवून पुरवून दिलं, कॅपच्या भीतीने नाही, बाकीच्या दाढा उघड्याच आहेत म्हणून. कॅपखालची कीड अडकली म्हणून तोंडातली सगळी सवय बदलली असं होत नाही. रोज रात्री कॅपच्या हिरडीजवळच्या काठावर ब्रश मी स्वतः फिरवते, तिथे जरा राहिलं तर हिरडी सुजते आणि ब्रशला रक्त लागतं, एकदा झालं होतं.

वाईट म्हणायचं तर दिसणं. चांदीसारखी चकचकीत, मोठ्याने हसली की दिसते. तिला स्वतःला आवडते, "माझा रोबो दात" म्हणून शाळेत दाखवत फिरली. सासरच्या एका लग्नात दोन बायकांनी हळहळ व्यक्त केली, ती मी सोडून दिली. खर्च आम्हाला एक्स-रे धरून अडीच हजारांच्या आसपास आला.

आमच्या शेजारणीने आपल्या मुलासाठी विचारलं, तो साडेनऊचा, दाढ हलायलाच लागलेली. त्याला मॅडमनी नको सांगितलं, काही महिन्यांत पडणाऱ्या दाढेला कॅप घालून काय करायचं. निकेलची ॲलर्जी असेल, म्हणजे खोट्या दागिन्यांनी अंगावर पुरळ येत असेल तर आधी सांगा, कॅपच्या स्टीलमध्ये निकेल असतं. हृदयाचा जन्मजात त्रास असलेल्या मुलांबाबतही त्या विचारतातच, कारण आत इन्फेक्शन राहिलं तर त्यांना ते महागात पडतं. आणि दाढ इतकी फुटलेली असेल की कॅपला धरायला भिंतच नाही, तर ती कशावर बसणार?

आता दर तपासणीला मॅडम कॅप बोटाने हलवून बघतात, हिरडी दाबून बघतात. घरी मला काय बघायला सांगितलंय तर हिरडीवर पुळी, गाल सुजणं, रात्री उठून रडणं. यातलं काही दिसलं तर कीड थांबली नाही असं समजायचं आणि त्याच दिवशी जायचं. आत्तापर्यंत काही नाही. दाढ वेळ आली की कॅपसकट पडेल, कॅप वेगळी काढायची नसते.

गेल्या आठवड्यात ब्रश करताना शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागे हिरडीतून पांढरं टोक दिसलं, पहिली पक्की दाढ. शेवटच्याच दाढेला कॅप असती तर तिच्या मागच्या काठाखाली ही नवीन दाढ अडकते का ते बघावं लागलं असतं म्हणे, आमची कॅप एक दाढ पुढे आहे म्हणून ती चिंता नाही. बायला आरशात दाखवलं तर तिचा पहिला प्रश्न, "हिला पण रोबो करायचं?"