मायग्रेन, गोळी आणि तांबी: आठ महिन्यांनंतर

दोन वर्षं मी इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळी घेत होते. ती लिहून देताना दवाखान्यात कुणी डोकेदुखीबद्दल विचारलंच नाही, आणि याचा मला आजही राग येतो. गेल्या वर्षी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी आधी बीपी घेतलं, ते ठीक होतं. मग विचारलं, "डोकं दुखायला लागायच्या आधी काही दिसतं का?"

दिसतं. आधी अक्षरांच्या मधोमध एक ठिपका नाहीसा होतो, मग त्याच्या कडेने चकाकणारी नागमोडी रेघ पसरत जाते. वीस-पंचवीस मिनिटांत ती विरते आणि मग अर्धं डोकं ठणकायला लागतं. यालाच ऑरा म्हणतात. दुखत असताना उजेड नकोसा होणं किंवा मळमळणं म्हणजे ऑरा नव्हे, हा फरक त्यांनी नीट समजावला, कारण सगळा निर्णय त्यावरच होता.

जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात प्रत्येक आजारासमोर प्रत्येक साधनाला १ ते ४ आकडा दिलेला आहे. १ म्हणजे बिनधास्त वापरा, २ म्हणजे फायदा जास्त, ३ म्हणजे शक्यतो नको, ४ म्हणजे अजिबात नको. ऑरा असलेल्या मायग्रेनला इस्ट्रोजेनच्या गोळीपुढे ४ आहे, वय कितीही असो. अशा मायग्रेनमध्ये मेंदूच्या झटक्याचा धोका मुळातच थोडा जास्त असतो, आणि इस्ट्रोजेनने रक्ताच्या गुठळ्या व्हायची शक्यता वाढते. त्याच ओळीत तांबीपुढे मात्र १ होता. म्हणजे आकडा बाईला नसतो, आजार आणि साधन यांच्या जोडीला असतो, हे मला तिथे कळलं. हार्मोनवाल्या तांबीला २ होता. पण ती बसवलेली असताना ऑरा नव्याने सुरू झाला तर तोच आकडा ३ होतो.

गोळी त्याच दिवशी बंद केली. पाळी येईपर्यंत निरोध वापरला आणि चौथ्या दिवशी ३८०ए तांबी बसवली. ती दहा वर्षं चालते.

पहिले तीन महिने खरंच जड गेले. पाळी पाचची सात दिवसांवर गेली, दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी पॅड बदलावं लागे, ओटीपोटात कळा येत. चौथ्या महिन्यात हिमोग्लोबिन ११.८ वरून १०.९ वर आलेलं दिसलं, मग लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. आधीच अंगावर जास्त जात असेल तर हे बसवण्याआधी बोलून घ्या. सहाव्या महिन्यापासून कळा जवळपास थांबल्या, पाळी मात्र अजूनही पूर्वीपेक्षा जास्तच आहे.

तांबीने मायग्रेन जात नाही. गेल्या मंगळवारीच भाजी चिरताना ती रेघ पुन्हा दिसली. सुरी खाली ठेवली, अंधाऱ्या खोलीत जाऊन पडले. दुखायचं ते दुखलंच, पण गोळी घेत असताना या रेघेबरोबर मी कुठला धोका पत्करत होते, हे आता मला माहीत आहे.