बेल्ट, स्ट्रॅप की नी स्लीव्ह: आधी काय घ्यावं?

यातलं काय घ्यायचं हे ठरवण्याआधी वजन उचलताना तुमचं आधी काय थकतं ते पाहा.

समजा, तुम्ही १०० किलोचा डेडलिफ्ट पाच वेळा मारताय. तिसऱ्या वेळेलाच बोटं उघडायला लागतात, पण पाठीत आणि मांड्यांत दम शिल्लक आहे. अशा वेळी स्ट्रॅप, म्हणजे मनगट बारला बांधणारी पट्टी. तिघांत तो स्वस्तही असतो. मात्र आधी चॉक लावून बघा; घामामुळे सुटणारी पकड बऱ्याचदा तेवढ्यानेच सावरते. तरी सुटत असेल तर ४०, ६०, ८० आणि १०० चा पहिला सेट नुसत्या हातांनी करा, स्ट्रॅप त्यापुढच्या सेटला. नुसत्या हातांचा तो सेट काही आठवड्यांत सुधारला नाही, तर ८० च्या शेवटी बार वर धरून दहा-पंधरा सेकंद थांबायला लागा. क्लीन करताना, म्हणजे बार जमिनीवरून झटक्यात खांद्यांवर घेताना, स्ट्रॅप कधीच नको. बार सोडता येत नाही आणि मनगट अडकतं. खरेदीतही नाव नीट सांगा, नाहीतर बेंच प्रेससाठीचा मनगटाचा रॅप गळ्यात पडतो.

बेल्टबद्दल गैरसमज जास्त. तो कंबर धरून ठेवत नाही. श्वास भरून पोट फुगवलं की त्याला रेटायला बेल्टची भिंत मिळते, आतला दाब वाढतो आणि मणक्याला आधार येतो. म्हणून बेल्टशिवाय पोट ताठ करता येत नसेल, तर त्याचा फारसा फायदा नाही. काही महिने स्क्वॉट नियमित झाला, पहिल्या आणि शेवटच्या सेटचं तंत्र सारखं दिसू लागलं, की घ्या. सुरुवातीचे दोन आठवडे वजन वाढवू नका, फक्त त्याला रेटायला शिका. नंतर तुमच्या कमाल वजनाच्या साधारण ८० टक्क्यांच्या वरच्या सेटनाच बांधा. श्वास पूर्ण घेता येत नसेल तर तो जास्त आवळलाय. मागे रुंद, पुढे निमुळता बेल्ट मला पटत नाही, कारण रेटायचं असतं पुढे. सगळीकडे १० सेंमी रुंद आणि १० मिमी जाड पुरे. १३ मिमीचा नवख्याला बोचतो. रक्तदाब किंवा हर्निया असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, श्वास रोखला की दाब चढतो.

नी स्लीव्ह शेवटी. गुडघा उबदार राहतो, खाली बसताना भरवसा वाटतो, बाकी फार काही नाही. साध्या सरावाला ५ मिमी चालतो, जड स्क्वॉटला ७ मिमी. वॉर्मअपनंतर चढवा, सेट संपले की खाली सरकवा. काढल्यावर गुडघा दुखत किंवा सुजत असेल, तर स्लीव्ह घालून वजन वाढवत जाणं चूकच.

स्पर्धेचा विचार असेल तर आयपीएफ या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या पॉवरलिफ्टिंगमध्ये बेल्ट आणि स्लीव्ह चालतात, स्ट्रॅप नाही. त्यामुळे स्पर्धेआधीच्या काही आठवड्यांत जड डेडलिफ्ट नुसत्या हातांनीच मारा.